‘थोडी आशा’ आणि ‘थोडीच आशा’

इंग्रजी भाषेंतील एका अक्षरानें आमच्या घरीं एकदां मोठा अनर्थ होऊं पाहिला होता. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील व्याकरण रुक्ष वाटणार नाहीं.

मी हायस्कुलांत शिकत असतां माझे वडील विषमज्वरानें अंथरुणास खिळले होते. थोरले बंधु मुंबईस एका कचेरींत नोकरीस होते. महिनाअखेर रजा मिळावी म्हणून त्यांना घरचें पत्र वरिष्ठांस दाखवावयाचें होतें, आणि वरिष्ठांस मराठी येत नसे. तेव्हां पत्र इंग्रजींत लिहिणें प्राप्त झालें, व घरांत इंग्रजी जाणणारा असा मी एकटाच. डॉक्टर त्या दिवशीं तपासून म्हणाले होते, “ताप उतरूं लागला आहे, आतां थोडी आशा वाटते.” आई म्हणाली, “एवढें त्याला कळव रे; त्याच्या जिवाला धीर येईल.” मीं लिहिलें, ‘देअर इज अ लिट्ल होप’. पत्र पुन्हां वाचतां वाचतां मला वर्गांत शिकलेला नियम आठवला: ‘अ’ म्हणजे एक, जी वस्तु मोजतां येत नाहीं तिच्यामागें ‘अ’ लावूं नये. आशा कांहीं मोजतां येत नाहीं. मोठ्या विद्वत्तेनें मीं तो ‘अ’ खोडला आणि पत्र टपालांत टाकलें.

तिसऱ्या दिवशीं पहांटे दादा दारांत उभे! पगार कापला जाणार हें ठाऊक असूनही, गाडीभाड्याचे व पुढील कार्याचे म्हणून स्नेह्याकडून कर्ज काढून, रात्रीच्या गाडीनें उभ्यानें प्रवास करून ते आले होते. माजघरांत तात्या तक्क्याला टेकून पेज पीत बसलेले पाहतांच ते मटकन खालीं बसले. पुढें संध्याकाळीं त्यांनीं खिशांतून तें पत्र काढून माझ्यापुढें धरलें व म्हणाले, “अरे, तूं लिहिलेंस काय हें? आणि ‘अ’ लिहून वर खोडलेला! मला वाटलें, डॉक्टरांनीं आधीं आशा दाखविली आणि मग तीही काढून घेतली.”

मीं काय लिहिलें होतें? ‘देअर इज लिट्ल होप’ ह्याचा अर्थ ‘थोडी आशा आहे’ असा नसून ‘आशा जवळ जवळ नाहीं’ असा आहे. खोडलेलें तें एक अक्षर जागच्या जागीं असतें तर अर्थ उलट झाला असता. (खरें म्हणजे मुरलेला इंग्रजी लेखक तेथें ‘सम होप’ असें लिहील, पण ‘अ लिट्ल’ लिहिल्यानें निदान कोणी रडत गाडीत बसलें नसतें.)

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. पुढें अनेक वर्षें मुलांच्या वह्या तपासतांना ती मला सतत भेटत आली, आणि तिचें मूळही बहुधा तेंच असतें. ‘अ’ हा एकवचनाचा सोबती, मग ‘अ फ्यू बॉइज’ ह्यांत अनेकवचनी मुलांमागें तो कसा येईल, असें विद्यार्थ्यास वाटतें व तो त्यास हांकलून देतो. परंतु येथें ‘अ’ हा मुलांचा नसून ‘फ्यू’चा आहे. ‘अ हंड्रेड बॉइज’, ‘अ डझन मँगोज’ असें आपण निःशंक लिहितों. तेथें ‘अ’ शंभरास किंवा डझनास लागतो, मुलांस किंवा आंब्यांस नव्हे. तसेंच ‘अ फ्यू’ म्हणजे एक लहानसा गट, ‘अ लिट्ल’ म्हणजे एक लहानसा अंश. ‘अ’ असला म्हणजे लेखक कांहीं तरी हातांत ठेवतो. ‘अ’ गेला म्हणजे हात रिकामा होत चालला आहे, एवढेंच सांगणें उरतें.

आतां हें ध्यानांत घ्या कीं, हा भेद संख्येचा मुळींच नाहीं. समजा, वादविवादाच्या सभेस पांच श्रोते आले. सभेच्या चिटणीसानें अहवालांत ‘अ फ्यू बॉइज केम’ असें लिहिलें, तर तो म्हणतो, ‘कांहीं मुलें आलीं, सभा झाली’. त्याच सभेविषयीं एखाद्या टीकाकारानें ‘फ्यू बॉइज केम’ असें लिहिलें, तर तो म्हणतो, ‘फारशीं मुलें आलींच नाहींत’. मुलें तींच पांच. बदलली ती लिहिणाराची दृष्टि. म्हणून ‘फ्यू म्हणजे किती आणि अ फ्यू म्हणजे किती’ असें जे विद्यार्थी विचारतात त्यांना आंकड्यांत उत्तर देतां येत नाहीं.

मग ओळखावें कसें? ह्यासाठीं इंग्रजीपेक्षां आपली मराठीच अधिक उपयोगी पडते. मनांतील वाक्य मराठींत दोन प्रकारें म्हणून पाहावें. ‘फारसा… नाहीं’ ह्या सांच्यांत तें नीट बसत असेल तर नुसतें ‘फ्यू’ किंवा ‘लिट्ल’ लिहावें. ‘थोडासा… आहे’ किंवा ‘कांहीं… आहेत’ ह्या सांच्यांत बसत असेल तर ‘अ’ घालावा. ‘त्याला फारसे मित्र नाहींत’ म्हणजे ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्ज’. ‘त्याला कांहीं मित्र आहेत’ म्हणजे ‘ही हॅज अ फ्यू फ्रेंड्ज’. ‘भांड्यांत थोडेंसें दूध आहे, चहा होईल’ म्हणजे ‘अ लिट्ल मिल्क’. ‘दूध फारसें उरलें नाहीं, चहा कसा करूं’ म्हणजे ‘लिट्ल मिल्क’. पहिला मराठी सांचा नकारार्थी आहे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे, कारण इंग्रजींतील नुसतें ‘फ्यू’ हेंही वेष पालटून आलेला नकारच होय.

ह्याची साक्ष इंग्रजी वाक्यरचनाच देते. ‘एव्हर’ आणि ‘एनी’ हे शब्द सामान्यतः नकाराच्या किंवा प्रश्नाच्या संगतींत वावरतात. ‘फ्यू बॉइज हॅव एव्हर सीन अ टायगर’ हें वाक्य शुद्ध आहे, पण त्याच्या आरंभीं ‘अ’ घालून पाहा. वाक्य लगेच अडखळतें. तसेंच वाक्याच्या शेवटीं येणारा छोटा प्रश्न पाहावा. ‘फ्यू पीपल नो इट’ ह्यापुढें इंग्रज मनुष्य ‘डू दे?’ असें विचारील, जसें तो ‘नोबडी’पुढें विचारतो. ‘अ फ्यू पीपल नो इट’ ह्यापुढें मात्र तो ‘डोंट दे?’ असें म्हणेल.

आपल्या ‘च’चाही स्वभाव असाच आहे. ‘थोडी आशा’ म्हणजे कांहीं आशा. ‘थोडीच आशा’ म्हटलें कीं मन खचतें. आणि ‘मी थोडाच जाणार आहे!’ असें म्हणणारा मनुष्य तर मुळींच जात नसतो. इंग्रजींत ‘अ’ काढल्यानें जें होतें तें मराठींत ‘च’ लावल्यानें होतें. फक्त एक सावधगिरी: ‘ओन्ली’ हा शब्द ‘च’सारखाच वाटत असला तरी त्याच्यापुढें ‘अ’ ठेवावाच लागतो. ‘ओन्ली अ फ्यू’ असें लिहावें, आणि त्याचा अर्थ जवळ जवळ नुसत्या ‘फ्यू’सारखाच होतो. ह्याच्या अगदीं उलट ‘क्वाइट अ फ्यू’ ह्याचा अर्थ होतो ‘बरेच’! येथें तर्क चालत नाहीं. पाठच केलें पाहिजे.

येथवर मीं ‘फ्यू’ आणि ‘लिट्ल’ हीं एकाच दावणीस बांधलीं. त्यांच्यांतील भेद बहुतेकांस ठाऊक असतो: मोजतां येणाऱ्या वस्तूंस ‘फ्यू’ व ‘मेनी’, न मोजतां येणाऱ्यांस ‘लिट्ल’ व ‘मच’. आपण मराठींत ‘पुष्कळ मुलें’ म्हणतों आणि ‘पुष्कळ पाणी’ही म्हणतों, ‘किती मुलें’ आणि ‘किती पाणी’ ह्यांतही शब्द एकच. ‘थोडें पाणी’ आणि ‘थोडीं मुलें’ ह्यांत केवळ शेवटचा स्वर बदलतो. इंग्रजींत मात्र सबंध शब्दच बदलावा लागतो. नियम एका ओळीचा आहे. तरीही चुका होतात, त्या नियम न कळल्यानें नव्हे, तर कोणती वस्तु मोजावयाची हें दोन्ही भाषांनीं वेगवेगळें ठरविल्यानें.

उदाहरणार्थ, पैसे घ्या. मराठींत ‘पैसे’ हें अनेकवचन आहे; पैसे आपण रोज मोजतों, किंबहुना दोनदां मोजतों. तेव्हां ‘हाउ मेनी मनी’ असें विद्यार्थ्याच्या लेखणींतून सहज उतरतें. पण इंग्रजांच्या लेखीं ‘मनी’ ही पाण्यासारखी एक राशि आहे; मोजले जातात ते रुपये. एकाच पाकिटाविषयीं बोलतांना ‘हाउ मेनी रुपीज’ आणि ‘हाउ मच मनी’ असें दोन तऱ्हांनीं विचारावें लागतें. तीच गोष्ट तांदळाची. आई तांदूळ निवडते, तांदूळ धुते आणि म्हणते ‘तांदूळ संपले’. म्हणजे मराठीनें दाणे वेगळे पाहिले. इंग्रजीनें ढीग पाहिला, म्हणून ‘लिट्ल राइस’, ‘मच राइस’. डोक्यावरील केस आपल्याकडे अनेक, त्यांच्याकडे ‘हेअर’ एक. आपल्याकडे बातम्या येतात, त्यांच्याकडे ‘न्यूज’ येते, आणि त्या शब्दाच्या अंतीं अनेकवचनाचा भास करणारा वर्ण असल्यानें फसगत दुप्पट होते. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हे शब्दही ह्याच पंक्तींत बसतात. गुरुजींनीं दहा गोष्टी सांगितल्या तरी ते ‘मेनी ॲडव्हाइसेस’ होत नाहींत, ‘मच ॲडव्हाइस’च होतें.

परीक्षा सोपी आहे. त्या नामामागें लगत ‘टू’ ठेवून त्याचें अनेकवचन करून पाहावें. ‘टू रुपीज’ चालतें, ‘टू मनीज’ चालत नाहीं. ‘टू चेअर्ज’ चालतें, ‘टू फर्निचर्ज’ चालत नाहीं. जेथें चालत नाहीं तेथें मोजण्यासाठीं मध्यें एक माप घालावें लागतें, जसें आपण ‘एक घोट पाणी’ किंवा ‘साखरेचा एक दाणा’ म्हणतों: ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ ग्रेन ऑफ राइस’. मग मोजणी त्या मापाची होते व ‘मेनी पीसेस’, ‘अ फ्यू ग्रेन्ज’ असें निर्वेध लिहितां येतें.

कांहीं शब्द मात्र दोन घरचे पाहुणे आहेत. ‘मच टाइम’ म्हणजे पुष्कळ अवधि, ‘मेनी टाइम्ज’ म्हणजे पुष्कळ वेळां. ‘लिट्ल पेपर’ म्हणजे कागद फारसा नाहीं, ‘फ्यू पेपर्ज’ म्हणजे वर्तमानपत्रें किंवा प्रश्नपत्रिका फारशा नाहींत. आणि ज्या ‘हेअर’विषयीं वर लिहिलें तोच शब्द, आजोबांच्या मिशींतील पांढरे केस एकेक करून दाखवावयाचे असल्यास, ‘अ फ्यू ग्रे हेअर्ज’ असा मोजला जातो. म्हणून शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षां त्या वाक्यांत तो शब्द राशि दाखवितो कीं एकेक वस्तु दाखवितो, हें पाहणें अधिक भरंवशाचें.

‘मच’विषयीं आणखी एक गोष्ट, जी व्याकरणाच्या लहान पुस्तकांत क्वचितच आढळते. ‘आय हॅव मच मनी’ हें वाक्य नियमास धरून आहे. पण ऐकणाऱ्यास तें लाकडी वाटतें. साध्या होकारार्थी वाक्यांत बोलतांना इंग्रज ‘अ लॉट ऑफ’ म्हणतात. ‘मच’ हा शब्द प्रश्नांत व नकारांत खुलतो: ‘हॅव यू मच वर्क?’, ‘आय हॅव नॉट मच वर्क’. ‘टू’, ‘सो’, ‘ॲज’ ह्यांपैकीं कोणी सोबतीस असला तर होकारांतही तो शोभतो. ‘मेनी’ला होकारांत इतका संकोच वाटत नाहीं.

आतां राहिला वाद ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ ह्यांचा. शाळेंत शिकवितात कीं, मोजतां येणाऱ्यांस ‘फ्यूअर’, न मोजतां येणाऱ्यांस ‘लेस’. ‘फ्यूअर मिस्टेक्स’, पण ‘लेस नॉइज’. परीक्षेंत व औपचारिक लेखनांत हाच नियम पाळावा, असें माझें स्पष्ट मत आहे. परंतु हा नियम भाषेबरोबर जन्मास आलेला नाहीं. नवव्या शतकांतील आल्फ्रेड राजाच्या काळच्या लेखनांतही ‘लेस’चा जुना अवतार मोजतां येणाऱ्या शब्दांशीं जोडलेला आढळतो. १७७० सालीं रॉबर्ट बेकर ह्या गृहस्थानें अशा ठिकाणीं ‘फ्यूअर’ अधिक बरें दिसेल, असें आपलें वैयक्तिक मत लिहिलें, आणि पुढें शिक्षकांच्या हातीं त्या मताचा नियम झाला. आजही तेथील दुकानांच्या फलकांवरून ह्या दोन शब्दांविषयीं तंटे होतात. एका मोठ्या इंग्रज दुकानानें २००८ सालीं आपल्या फलकावरील ‘टेन आयटम्ज ऑर लेस’ काढून तेथें ‘अप टु टेन आयटम्ज’ असें लिहिलें व वादांतून अंग काढून घेतलें. मला तो शहाणपणा वाटतो.

नियम पाळणारे देखील अंतर, रक्कम व काळ ह्यांपुढें ‘लेस’च लिहितात, हें मात्र विसरूं नये. ‘लेस दॅन फाइव्ह माइल्ज’, ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’, ‘लेस दॅन टू वीक्स’ हे प्रयोग निर्दोष आहेत. मैल मोजतां येतात हें खरें. पण येथें एकेक मैल कोणी पाहत नाहीं, पांच मैल मिळून झालेलें एक अंतर पाहतात. पन्नास रुपयांची एक रक्कम, दोन आठवड्यांचा एक काळ. वर सांगितलेली राशीची कसोटी येथेंही चालली.

ज्या ठिकाणीं ह्या दोन शब्दांची अदलाबदल खरोखरच अर्थ बिघडविते तें ठिकाण निराळेंच आहे. ‘फ्यूअर डिफिकल्ट सम्ज’ म्हणजे कठीण उदाहरणांची संख्या कमी. ‘लेस डिफिकल्ट सम्ज’ असें वाचल्यास बहुधा ‘कमी कठीण उदाहरणें’ असा बोध होतो, मग तीं शंभर कां असेनात. गुरुजींकडे अर्ज करावयाचा झाल्यास आपणांस काय हवें तें आधीं ठरवावें!

शेवटीं एका विद्यार्थ्याच्या वहींतील चार वाक्यें दुरुस्त करून पाहूं. त्यानें लिहिलें होतें: ‘धिस यीअर देअर आर लेस बॉइज इन अवर क्लास. वुइ हॅड मेनी होमवर्क. आय हॅड फ्यू डिफिकल्टीज, सो आय आस्क्ड माय अंकल. ही गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस.’

पहिल्या वाक्यांत मुलें एकेक करून मोजलीं जातात, म्हणून ‘फ्यूअर बॉइज’. दुसऱ्यांत ‘टू होमवर्क्स’ असें म्हणतां येत नाहीं, म्हणून ‘मेनी’ गेलें. होकारार्थी वाक्य असल्यानें एकटें ‘मच’ही ताठर दिसेल, म्हणून ‘अ लॉट ऑफ होमवर्क’. तिसरें वाक्य पाहण्यासारखें आहे. व्याकरणदृष्ट्या त्याच्या पूर्वार्धांत एकही दोष नाहीं, आणि त्यामुळेंच तें घाईनें तपासणाऱ्याच्या नजरेंतून निसटतें. पण त्याचा अर्थ होतो, ‘मला फारशा अडचणी नव्हत्या, म्हणून मीं काकांना विचारलें’. अडचणी नव्हत्या तर काकांना कशाला विचारलें? ‘सो’ ह्या शब्दानें चोरी उघडकीस आणली. त्याला म्हणावयाचें होतें ‘कांहीं अडचणी होत्या’. तेव्हां ‘अ फ्यू डिफिकल्टीज’. चौथ्यांत ‘अ लॉट ऑफ ॲडव्हाइस’, अथवा काकांनीं थोडेंसेंच पण उपयोगी सांगितलें असेल तर ‘अ लिट्ल ॲडव्हाइस’.

मुलगा मला म्हणाला, “सर, तो ‘अ’ मीं आधीं लिहिला होता, मग खोडला.” मीं वही उजेडाकडे धरली. खोडरबराखालून तो अंधुक दिसतच होता.